खांब क्रमांक सहा ते आठ

लीड्स

प्रिय अण्णा,

तुझ्या चार्टर्ड इंजिनिअरच्या अर्जाचा मसुदा पोचला. वाचायला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस; इथे वर्षअखेरीची बिलं आणि धाकट्याची परीक्षा एकाच आठवड्यात आली. पण वाचला तो नीट वाचला, पेन्सिल हातात घेऊन. आता स्पष्ट लिहिते, कारण वहिनींसमोर फोनवर बोलले असते तर तू हसून उडवून लावलं असतंस.

तू चार पाणीपुरवठा योजना, दोन लहान पूल आणि एक पंपगृह लिहिलं आहेस. प्रत्येकाची किंमत लाखा-कोटींत, लांबी, व्यास, क्षमता, सगळं आहे. पण मधली वाक्यं बघ: 'काँक्रीटची गुणवत्ता चाचण्यांद्वारे राखण्यात आली', 'उद्भवलेल्या अडचणींवर यशस्वी मात करण्यात आली'. कोणी राखली? अडचण कोणती होती? हा कंत्राटदाराला द्यायचा कामपूर्तीचा दाखला झाला आहे रे. यातलं तुझं नाव काढून मोरे-कुलकर्णी कोणाचंही घातलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही.

यात तुझा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे चार्टर्ड इंजिनिअर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो शिक्का: परदेशातून जुनी यंत्रं आणली की कस्टम्सला मूल्यांकनाचा दाखला देणारे एक साहेब. आपल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला रॉयल चार्टर मिळाला १९३५ साली, तेव्हापासून ही पदवी आपल्याकडे आहेच. पण ती अनुभवाची वर्षं आणि कागदपत्रं लावून मिळते अशी आपली समजूत. तू अर्ज करतो आहेस त्या लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा दृष्टिकोन वेगळा आहे. ते तुझा अहवाल वाचणार, मग दोन समीक्षक तुला समोर बसवून विचारणार, आणि ते समीक्षक आपल्यासारखेच साईटवर आणि ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य काढलेले लोक असतात. ब्रिटनच्या इंजिनिअरिंग कौन्सिलची जी कसोटी आहे, यूके-स्पेक म्हणतात तिला, त्यात पाच मथळे आहेत: ज्ञान, संकल्पन आणि प्रश्न सोडवणं, जबाबदारी व नेतृत्व, संवाद, आणि व्यावसायिक बांधिलकी. आयसीईने त्याचेच स्वतःचे सात गुण केले आहेत. त्यात व्यावहारिक-आर्थिक जाण, सुरक्षितता आणि शाश्वत विकास यांना वेगळं स्थान आहे. ते सात मथळे घेऊन प्रत्येकाखाली एक-एक परिच्छेद भरायचा मोह तुला झालेला दिसतो. म्हणून तर 'शाश्वत विकास' या मथळ्याखाली तू योजनेच्या आवारात झाडं लावल्याचं लिहिलंस. ते काढून टाक.

आता मला सांग, मागच्या दिवाळीत रात्री दीड वाजेपर्यंत तू मला जी टाकीची गोष्ट सांगितलीस ती या मसुद्यात कुठे आहे? पाच लाख लिटरची उंच टाकी, एवढाच उल्लेख आहे, आणि त्यापुढे 'वेळेत पूर्ण' असा खोटाच शेरा. वेळेत कुठे झाली होती? महिनाभर तू काम अडवून धरलं होतंस! तो महिना म्हणजेच तुझा अर्ज आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

मी ती गोष्ट माझ्या आठवणीतून परत मांडते. तुझी रोजनिशी समोर ठेवून आकडे ताडून घे.

आठ खांबांची स्टेजिंग, खांब ५०० मिलिमीटर व्यासाचे, एकेक टप्पा चार मीटरचा. एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्याचे खांब भरले. एम-३० काँक्रीट, जागेवरच सेल्फ-लोडिंग मिक्सरने केलेलं. एका खांबाला पाऊण घनमीटरहून थोडं जास्त लागतं, म्हणजे चार घनमीटरच्या पहिल्या खेपेत पाच खांब झाले आणि दुसऱ्या, अर्ध्या खेपेत उरलेले तीन. सहा, सात आणि आठ. त्या दुपारी तू दाबनलिकेच्या चरावर होतास आणि टाकीवर तुझा सुपरवायझर होता. आठवड्याने क्यूब फोडले. पहिल्या खेपेचे सात दिवसांचे निकाल नेहमीसारखे, चौरस मिलिमीटरला २० न्यूटनच्या आसपास. दुसऱ्या खेपेचे १५ च्याही खाली.

इथे बहुतेक लोक काय करतात ते तुला माहीत आहे. क्यूब नीट बनवले नव्हते म्हणतात आणि पुढे जातात. तू प्रयोगशाळेतून क्यूबची वजनं मागवलीस. मला त्या रात्री हे ऐकताना सगळ्यात जास्त मजा वाटली होती. दीडशे मिलिमीटरचा क्यूब नीट ठोकून भरला असेल तर आठ किलोच्या थोडा वर भरतो; भरताना हयगय झाली, आत पोकळ्या राहिल्या की वजन साडेसात-पावणेआठपर्यंत खाली येतं आणि तिन्ही क्यूब एकमेकांपासून लांब जातात. तुझे तिन्ही क्यूब आठ किलोच्या वरच होते, आणि त्यांचे निकालही एकमेकांना चिकटून: साधारण १४, १५, १५. आयएस ४५६ म्हणतं की एका नमुन्यातले क्यूब सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त सरकू नयेत. तुझे त्याच्या आत आरामात बसत होते. म्हणजे क्यूब चांगले होते. काँक्रीटच वाईट होतं.

मग तू भराईचं रजिस्टर उघडलंस. पहिल्या खेपेपुढे स्लंप ११० लिहिलेला. दुसऱ्या खेपेपुढे रकाना कोरा. शटरिंगचा क्लॅम्प सुटला म्हणून दुसरी खेप उन्हात ताटकळली होती, काँक्रीट आवळायला लागलं आणि कोणीतरी पाईप सोडला. तू उलटा हिशेब मांडलास: एवढी ताकद पडायची तर घनमीटरला पन्नासेक लिटर जादा पाणी गेलं असणार, म्हणजे त्या अर्ध्या खेपेत शंभर-सव्वाशे लिटर, आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ वरून ०.५८ च्या घरात. हा अंदाज होता, पुरावा नव्हे, आणि तू तो अंदाजच मानलास. हे सुद्धा लिही. समीक्षकाला कळायला हवं की तुला यातला फरक कळतो.

आता खरा पेच. सात दिवसांच्या निकालावर काँक्रीट नापास करता येत नाही. स्वीकृती ठरते ती २८ दिवसांच्या निकालावर. कंत्राटदाराने हेच तोंडावर मारलं तुझ्या. तो म्हणाला, एकवीस दिवसांनी बघू, तोवर वरचे ब्रेस बीम आणि तिसरा टप्पा भरून घेतो, पावसाळा जवळ आलाय. गावात टँकर चालू होते, त्यामुळे सरपंचापासून सगळे त्याच्या बाजूने. तुझ्यापुढे वाटा तीनच होत्या. चालू द्यायचं, मग निकाल वाईट आला तर कमकुवत खांबांवर आणखी चार मीटर चढलेले असणार आणि तेव्हा तोडायला कोणी धजणार नाही. तोडायला लावायचं, पण सात दिवसांच्या जोरावर दिलेला असा आदेश टिकला नसता, आणि २८ दिवसांचा निकाल चांगला आला असता तर खर्च खात्याच्या माथी. शिवाय ब्रेकर लावला की खालच्या टप्प्यातून वर आलेल्या मुख्य सळ्यांना आणि सांध्याला इजा होते, ती वेगळीच. तिसरी वाट थांबण्याची.

तू थांबवलंस. पण नुसतं थांबवलं नाहीस, हे तुझ्या लक्षात येत नाही. तू कंत्राटदाराला त्याच दिवशी लेखी कळवलंस की त्या खांबांवर भार वाढवणारं काहीही होणार नाही. बाकी पंपगृह, आवारभिंत, नळजोडण्या, टाकीच्या तळाची सळई कापणं-वाकवणं सगळं चालू ठेवा. आणि हवं तर ते तीन खांब आत्ताच स्वखर्चाने तोडून पुन्हा भरा, आठवड्याभरात मोकळे व्हाल. नाहीतर २८ दिवस थांबा, पण मग मुदतवाढ मागू नका. त्याने थांबणं निवडलं. पत्राची प्रत त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यांना. पुढे त्याने रिकाम्या बसलेल्या मजुरांचा दावा लावला तेव्हा ते एक पत्र पुरलं. अण्णा, याला इकडे व्यावहारिक-आर्थिक जाण म्हणतात, आणि तू त्या मथळ्याखाली काय लिहिलं आहेस तर 'निविदा प्रक्रियेचा अनुभव'.

त्या महिन्यात तू आणखी दोन गोष्टी केल्यास. रिबाउंड हॅमर घेऊन आठही खांब तपासलेस. हॅमरने ताकद कळत नाही हे तू सुपरवायझरला शिकवलंस. त्याच्या आकड्यावरून काढलेली ताकद पंचवीस टक्के इकडेतिकडे असू शकते. पण एकाच वयाच्या, एकाच शटरिंगमधल्या खांबांमधला फरक तो बरोबर दाखवतो. एक ते पाच एका गटात, सहा ते आठ स्पष्टपणे खाली. रजिस्टरमधली सीमारेषा खरी ठरली. आणि दुसरं, वळवाचे वारे सुटायचे दिवस होते, वर ब्रेस नव्हते, परांचा उघडा. तू तो आडव्या बांधण्यांनी खालच्या टप्प्याला जखडायला लावून दर वादळानंतर तपासायचा नियम केलास. सुरक्षिततेच्या मथळ्याखाली 'हेल्मेट सक्तीचं होतं' हे वाक्य मोडीत काढून हे घाल. काम थांबवलं की धोका थांबत नाही, हे ज्याने साईट पाहिली त्यालाच माहीत असतं.

अठ्ठावीस दिवसांचा निकाल आला २४.८. एम-३० साठी एका नमुन्याची खालची मर्यादा ३० उणे ३, म्हणजे २७. नापास. मग कोअर. किमान तीन लागतात. तू तिन्ही खांबांतून एकेक घेतलास. आता कोअर कुठून घ्यायचा यातच सगळी मेख आहे. खांबाच्या टप्प्यात खालचं काँक्रीट वरच्या वजनाने दाबलं जातं, वरच्या भागात पाणी चढतं, म्हणून वरचं काँक्रीट नेहमी थोडं हलकं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला खालून कमरेच्या उंचीवर घ्या, ड्रिल धरायला सोपं. त्याला सोपं आणि त्याच्या मालकाला फायद्याचं. तू म्हणालास वरून घ्या. पण अगदी सांध्याजवळ रिंगा दाट, भूकंपासाठी तिथेच काँक्रीट बांधलेलं असतं, तिथे भोक पाडणं नको. म्हणून त्या दाट रिंगांच्या जरा खाली, सळई शोधक यंत्राने दोन रिंगांमधली जागा काढून. भोकं नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. या निवडीचं एक छोटं रेखाचित्र तू काढलं होतंस ना, तळहाताएवढं? ते परिशिष्टात लाव. पंचवीस ड्रॉइंगपेक्षा ते एक बरं.

कोअरची क्यूबइतकी धरलेली ताकद आली २७.२, २५.९ आणि २५.४. सरासरी २६.२. संहिता म्हणते सरासरी ८५ टक्के हवी, म्हणजे २५.५, आणि एकही ७५ टक्क्यांखाली, म्हणजे २२.५ च्या खाली नको. पास. कार्यकारी अभियंता खूष, कंत्राटदार पेढे घेऊन आला असेल. शंभरातले नव्वद जण इथे फाईल बंद करतात, आणि नियमाने ते चूकही नाही.

तुझ्या अर्जाचा गाभा यापुढे सुरू होतो. तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला: हा पास कसला? नुसत्या काँक्रीटच्या ताकदीचा. मग संकल्पनकाराने टाकी भरलेली असताना भूकंपाच्या भारासाठी एम-२५ धरून पुन्हा गणित करावं. तू स्वतः ते केलं नाहीस. उभ्या भाराचं ढोबळ गणित तू करून पाहिलंस, पण भूकंपाच्या गणितात हात घातला नाहीस, कारण पाणी हलतं त्याचा भार कसा धरायचा हे तुझं क्षेत्र नाही. तू तसं सांगितलंस आणि संकल्पनकाराकडून लेखी घेतलंस. तुला वाटतं हे लिहिलं तर कमीपणा येईल. उलट आहे. आपली मर्यादा ओळखून तिथे योग्य माणसाला बोलावणं हे इंजिनिअरच्या आचारसंहितेतच आहे, आणि मुलाखतीत जो सगळं मीच केलं म्हणतो त्याच्यावर पुढचे प्रश्न जरा टोकदार येतात.

दुसरा प्रश्न जास्त तुझा होता. ताकदीला पास झालं, पण पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५८ असेल तर ते काँक्रीट सच्छिद्र असणार. मध्यम प्रकारच्या हवामानासाठीसुद्धा आयएस ४५६ मध्ये कमाल मर्यादा ०.५० आहे. टाकीखालचे खांब म्हणजे ओघळतं पाणी, ओलं-कोरडं होणारं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत शिरत सळईपर्यंत पोचला की गंज धरणार, आणि ते कित्येक वर्षांनी, जेव्हा तू त्या तालुक्यात नसशील. कोअर चाचणी याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून तू शिफारस केलीस की खांब स्वीकारावेत, पण सहा ते आठ या तिघांना कार्बनेशन रोखणारा लेप कंत्राटदाराच्या खर्चाने द्यावा आणि देखभालीच्या पुस्तिकेत त्यांची नोंद असावी. शाश्वत विकास हवा होता ना तुला? चांगलं उभं राहिलेलं अडीच घनमीटर काँक्रीट विनाकारण फोडलं नाही आणि टाकीचं आयुष्यही कमी होऊ दिलं नाही. झाडांपेक्षा हे खरं.

आता लिहिण्याबद्दल. मला अडचण दिसते ती तुझ्या संकोचाची. आपण सगळे 'आम्ही केलं' म्हणत वाढलो. सरकारी पत्रात तर करणारा माणूसच नसतो. पण समीक्षकाला चार माणसांत जबाबदारी कशी वाटली होती ते जाणून घ्यायचं असतं. इथे ती फार स्वच्छ आहे. काम रोखण्याचा निर्णय तुझा. कोअरची जागा तुझी. फेरगणित संकल्पनकाराचं. स्वीकारण्याची शिफारस तुझी, मंजुरी कार्यकारी अभियंत्यांची. लेपाचा खर्च कंत्राटदाराचा, आणि तो त्याच्यावर टाकण्याची कल्पना तुझी. यात कोणाचं श्रेय चोरायचं नाही आणि स्वतःचं लपवायचंही नाही. मंजुरी तुझी होती असं चुकून लिहिलंस तर लगेच सापडशील, कारण कंत्राटातले अधिकार कोणाकडे असतात हे त्यांना पाठ असतं.

एक परिच्छेद मी मराठीत करून देते. इंग्रजी तूच कर, आणि ते साधं ठेव:

'सात दिवसांच्या निकालावर काँक्रीट नाकारण्याचा अधिकार मला नव्हता. पण २८ दिवस थांबेपर्यंत वरचा टप्पा भरला गेला असता तर निकाल वाईट आल्यावर दुरुस्तीचे मार्ग कमी झाले असते. म्हणून मी फक्त त्या तीन खांबांवर भार वाढवणारं काम रोखलं, कंत्राटदाराला स्वखर्चाने तोडण्याचा किंवा मुदतवाढीविना थांबण्याचा पर्याय लेखी दिला, आणि त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यांना कळवलं. पुढे कोअर चाचणीत काँक्रीट स्वीकारार्ह ठरलं. तरीही जादा पाण्यामुळे टिकाऊपणा कमी झाला असण्याची शक्यता होती आणि कोअर चाचणीने तिचा उलगडा होत नव्हता, म्हणून मी संरक्षक लेपाची अट घालण्याची शिफारस केली. ती मान्य झाली.'

बघ, यात एकही फुगीर विशेषण नाही. 'यशस्वी', 'आव्हानात्मक', 'अत्यंत महत्त्वाचा' हे शब्द तुझ्या मसुद्यात इतके आहेत की काढून टाकलेस तर अर्धं पान सुटेल, आणि तुला जागा हवीच आहे.

तुझी चूक पण लिही. त्या दुपारी टाकीवर स्लंप मोजायला कोणी ठरवून नेमलेला नव्हता, आणि तू दुसरीकडे होतास. ते टाळून गोष्ट सांगितलीस तर कोऱ्या रकान्याचं स्पष्टीकरण देता येणार नाही. नंतर तू काय बदललंस तेही सांग: प्रत्येक खेपेचा स्लंप मोजल्याशिवाय भराई नाही, भराई सकाळी दहाच्या आत, काँक्रीट आवळलं तर पाणी नाही, अॅडमिक्श्चरची ठरलेली मात्रा, आणि तेही जमलं नाही तर खेप फेकून द्यायची. सुपरवायझरला काढलं नाहीस, त्यालाच या नियमाचा जबाबदार केलंस, हेही मला आवडलं होतं.

मुलाखतीत काय विचारतील, म्हणशील. मी असते तर तीन गोष्टी विचारल्या असत्या. एक: ते तीन खांब तोडायला आठवडा लागला असता, तू महिना घालवलास, हे शहाणपण कसं? याचं उत्तर तुझ्याकडे आहे, तो पर्याय त्यालाच दिला होता. पण ते दोन वाक्यांत देता यायला हवं. दोन: कोअर चौदाव्या दिवशीच का घेतले नाहीस? कोवळ्या काँक्रीटमध्ये कोअर काढताना तो कडांनी फुटतो, आणि आलेला आकडा २८ दिवसांशी जोडायला पुन्हा अंदाजच लागतो. तीन, आणि हा घाम फोडणारा: कोअरची सरासरी २४ आली असती तर? टाकी भरून भार चाचणी घेतली असती असं म्हणू नकोस. उभ्या भाराने खांब तसाही वाकत नाही, दिसेल असं काही नसतं, आणि भूकंपाचं तर त्यातून काहीच कळत नाही. जॅकेटिंग करून खांब जाड करायचा तर आठांतले तीनच कडक होतात आणि भूकंपाचा भार त्यांच्याकडे ओढला जातो. मग त्या टप्प्यावर, वर काहीच चढलेलं नसताना, तोडणं हेच सरळ. आणि ते शक्य राहिलं कशामुळे? तू थांबवलंस त्यामुळे. हे उत्तर देताना मात्र फार खूष दिसू नकोस.

बाकी कामं काढून टाक असं मी म्हणत नाही. एका लहान पुलाचं काम ठेव, त्यात तू पायाची पातळी खडकापर्यंत खाली नेण्याचा आग्रह धरला होतास ना, ते. पण दोन-तीन वाक्यांत. पंपगृह गेलं तरी चालेल. प्रशिक्षणांची यादी वेगळ्या फॉर्मवर जाते, ती अहवालात नको.

कागदांचं थोडं. तुझी बी.ई. आपल्या पिढीची, म्हणजे भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला त्याच्या फार आधीची. त्यामुळे पदवी आपोआप धरली जाणार नाही. शैक्षणिक पात्रतेची वेगळी तपासणी करून घ्यावी लागेल, आणि ती अर्जाच्या आधी सुरू कर, नंतर नाही. गुणपत्रिकांच्या प्रती आणि अभ्यासक्रम कॉलेजमधून काढायला किती हेलपाटे पडतात ते तुला मी सांगायला नको. प्रायोजक म्हणून सही करणारा माणूस तुझं काम जवळून पाहिलेला असावा. ओळखीचा मोठा साहेब नको. त्याला वाचून दाखव आणि विचार, 'यातलं काय मी केलं नव्हतं?' त्याने एखादं वाक्य काढायला लावलं तर वाद न घालता काढ.

खात्याची परवानगी मात्र विसरू नकोस. पत्रं आणि निकाल हे त्यांचे कागद आहेत. गावाचं, कंत्राटदाराचं नाव झाकून लावलं तरी चालतं, पण कार्यकारी अभियंत्यांकडून एक ओळीची लेखी संमती घे. ते आता बदलून गेले असतील तर सध्याच्या साहेबांकडून.

पुढच्या रविवारपर्यंत मला एवढं पाठव: काम रोखल्याच्या पत्राची प्रत, रजिस्टरचं ते पान कोऱ्या रकान्यासकट, कोअरच्या जागेचं रेखाचित्र, आणि संकल्पनकाराचं उत्तर. आकडे मी आठवणीतून लिहिले आहेत, त्यामुळे प्रयोगशाळेचे मूळ अहवाल जोडल्याशिवाय यातला एकही पुढे वापरू नकोस. मी वाचून त्याच आठवड्यात खुणा करून परत करेन. आणि फोन करशील तेव्हा आमच्या रात्रीच्या वेळी कर, दुपारी मी साईटवर असते.

वहिनींना नमस्कार, पिलूला गोड पापा.

तुझी,
माई